प्रोजेक्टर घरी ठेवून या

बसा सगळे. तू उभा राहा, गटप्रमुख. काल संध्याकाळी मारुतीच्या मंडपात जे झालं त्याला तू अहवालात 'जनजागृती मेळावा' लिहिलंस. उपस्थिती साठ, प्रतिसाद उत्तम. मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो. साठातले वीस प्रसादासाठी आले होते, पंधरा पोरं तुमच्या प्रोजेक्टरच्या उजेडात हाताच्या सावल्या पाडत होती, आणि उरलेल्यांपैकी एकाला जरी आज सकाळी विचारलं, काल काय सांगितलं, तर तो म्हणेल, कॉलेजची पोरं आली होती, कसला तरी विमा होता.

विमा. हा शब्द तू अकरा वेळा उच्चारलास, मी मोजले. म्हणून तर तात्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'हप्ता किती?' आणि तुला घाम फुटला. अरे, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना हे नाव तू पहिल्या स्लाईडवर सोनेरी अक्षरांत टाकलं होतंस. त्यात विमा कुठे आहे? पूर्वी ही विमा योजना होती, मध्ये विमा कंपनी असायची. 2023 पासून कंपनी गेली, शासन स्वतः पैसे देतं. शेतकऱ्याने हप्ता भरायचा नाही, आधी नाव नोंदवायचं नाही. ही एवढी गोष्ट तुझ्याकडे सांगायला होती आणि तू 'विमा' म्हणून तीच झाकून टाकलीस. ऐकणाऱ्याला वाटलं, आपण काही भरलेलं नाही, म्हणजे हे आपल्यासाठी नाही. तो तिथेच मनाने घरी गेला.

मग सव्वीस स्लाईडी. शासन निर्णय जसाच्या तसा. 'वहितीधारक खातेदार' हे वाचताना तुझीच जीभ दोनदा अडखळली. 'ज्याचं नाव सात-बारावर आहे तो' असं म्हणायला काय झालं होतं? अक्षरं तर पहिल्या रांगेतल्या सरपंचांनाही डोळे बारीक करून वाचावी लागत होती. मागून अक्षर दिसायला ते चार बोटं उंचीचं लागतं, आणि चार बोटांच्या अक्षरात एका तक्त्यावर पाच-सहाच शब्द मावतात. ती अडचण समजू नकोस. तीच तुझी चाळणी आहे.

आता मागच्या रांगेतली ती बाई आठव. हिरवं लुगडं, कडेवर मूल. तिने विचारलं, 'सात-बारा सासऱ्याच्या नावावर हाय. रानात राबतो माझा मालक. त्याला पान लागलं तर?' तू काय म्हणालास? 'हा प्रश्न आपण शेवटी घेऊ.' शेवट आला तेव्हा लाईट गेली होती आणि बाईही. अख्ख्या संध्याकाळी एकच खरा प्रश्न आला आणि तो तू पुढे ढकललास, कारण तुझी नववी स्लाईड चालू होती. मुळात त्या घरापासूनच तुझं बोलणं सुरू व्हायला हवं होतं. फळा घे इकडे. घर काढ. पाच माणसं काढ, डोक्याला गोल आणि अंगाला काठी, तेवढं पुरे. म्हातारा सासरा अडुसष्टचा, सासू, मुलगा, सून, आणि कडेवरचं मूल.

सात-बारा कुणाच्या नावावर? म्हाताऱ्याच्या. त्याच्या डोक्यावर पागोटं काढ, म्हणजे खातेदार कोण ते ओळखू येईल. वय दहा ते पंचाहत्तरमध्ये बसतं, तो आत आला. आता त्याच्या घरातला आणखी एक जण, ज्याचं नाव सात-बारावर नाही. कोण चालतो? खातेदाराचे आईवडील, नवरा किंवा बायको, मुलगा, अविवाहित मुलगी, यांतला कोणी एक. म्हणजे त्या बाईच्या मालकाला पान लागलं तर तो म्हाताऱ्याचा मुलगा म्हणून बसतो. उत्तर 'हो' होतं! एका शब्दाचं उत्तर होतं, आणि ती बाई ते न ऐकता घरी गेली.

पण थांब, इथेच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायला धाडस लागतं. सून कुठे बसते? ती रोज त्याच रानात खुरपते, तिच्याही पायाखाली तोच साप आहे. यादी पुन्हा वाच. सून नाही. जमीन नवऱ्याच्या नावावर असती तर ती खातेदाराची बायको म्हणून बसली असती. सासऱ्याच्या नावावर आहे तोवर नाही. हे तुला माहीत नव्हतं, कारण तू निर्णय वाचलास पण त्यात एकही घर बसवून पाहिलं नाहीस. चार घरं बसवून बघितली असतीस तर प्रश्न कुठून येणार ते आधीच कळलं असतं. एकत्र खातं, विधवेचं खातं, वारस नोंद राहून गेलेलं खातं. बाप मरून सहा वर्षं झाली, सात-बारा अजून त्याच्याच नावावर, असली घरं या गावात तूच मोज. त्यांच्यासाठी योजनेच्या आधी तलाठ्याकडची वारस नोंद आहे. हे मंडपात एका वाक्यात सांगता आलं असतं.

आता तुझ्या चित्रांकडे येतो. अवयव गमावल्याची मदत दाखवायला तू पोस्टरवर उघडा पंजा काढलास. पहिल्या रांगेतले हसले, तुला वाटलं कार्यक्रम रंगतोय. त्यांनी ते निवडणुकीचं चिन्ह म्हणून वाचलं आणि दोन म्हातारे उठून गेले, कारण ते दुसऱ्या पार्टीचे! चित्र काढल्यावर ते गावातल्या एकाला, जो बैठकीत येणार नाही अशा एकाला दाखवायचं आणि विचारायचं, 'हे काय आहे?' तो जे म्हणेल ते त्या चित्राचं नाव. आपल्याला काय म्हणायचं होतं याला काही किंमत नाही. हात गमावल्याचं दाखवायचं तर मळणीयंत्र काढ, शेजारी कोपरापर्यंतच हात असलेला माणूस काढ. मळणीयंत्र इथे कुणालाही कळतं.

चित्रं चारच हवीत, पाचवं नको. पहिलं अपघाताचं. दुसरं घरातल्या त्या पाच माणसांचं. तिसरं पैशाचं: मृत्यू झाला, किंवा दोन डोळे, दोन अवयव, किंवा एक डोळा नि एक अवयव गेला तर 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर 1 लाख. नोटांच्या दोन गड्ड्या आणि एक गड्डी, झालं. चौथं आहे कॅलेंडरचं, आणि ते काढायचंही नाही. भिंतीवरून खरं कॅलेंडर उतरवून आणायचं. अपघाताच्या तारखेला लाल गोल. मग सगळ्यांसमोर बोट ठेवत एकेक दिवस मोजायचा, पान उलटायचं, तिसाव्या दिवसाला दुसरा गोल. या दोन गोलांच्या आत अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. तू तोंडाने 'तीस दिवसांच्या आत' म्हणालास आणि पुढे गेलास. दहावं-तेरावं करण्यातच पंधरवडा जातो. कॅलेंडरवर तेराव्याच्या तारखेला बोट ठेवलंस की माणसाला आपोआप दिसतं, आता उरलेत सतरा.

क्रम सांगतो, कारण तू तो उलटा लावलास. तू पात्रतेपासून सुरू करून कागदपत्रांवर संपवलंस, मध्ये मंत्रालयात चक्कर मारून आलास. बोलणं बारा मिनिटांचं, आणि ते रात्रीच्या एका प्रसंगापासून सुरू व्हावं. सोयाबीनच्या रानात पाणी द्यायला गेलेला माणूस, पायाला काहीतरी डसलं. आधी दवाखाना, देवर्षी नाही. हे पहिल्याच मिनिटात, कारण माणूस वाचला तर तुझी योजना लागतच नाही. वाचला नाही तर पुढची पाच मिनिटं पुढच्या दिवसाची, आणि इथेच खरी गफलत होते. लोक दुःखात असतात, रात्रीत माती उरकतात. पोलिसांना कळवलं नाही, पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही. मग महिन्याने कचेरीत जाऊन म्हणतात, साप चावला होता. कशावरून? तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती कागद बघते, तुमचं रडणं बघत नाही. म्हणून मंडपात मोठ्याने, दोनदा सांगायचं: अग्नी देण्याआधी पोलीस पाटलाला कळवा. बाकी सात-बारा, मृत्यूचा दाखला, वारसांची नोंद, वयाचा पुरावा हे नंतर जमवता येतं. जळलेला पुरावा परत येत नाही.

आणि 'पैसे मिळतीलच' हे काल जे छाती ठोकून बोललास ते पुन्हा माझ्या कानावर आलं तर बघ. नैसर्गिक मृत्यू बसत नाही, आत्महत्या बसत नाही, दारू पिऊन झालेला अपघात बसत नाही. हे तू शेवटच्या स्लाईडवर बारीक अक्षरांत लपवलंस. लोक तुझ्या शब्दावर चकरा मारतील आणि उद्या तू परीक्षेला निघून जाशील.

आता सगळ्यात वाईट गोष्ट, जी तू अहवालात 'स्थानिक उदाहरण' म्हणून लिहिलीस. तू नाव घेऊन सांगितलंस, अमक्याच्या घरी मागच्या पावसाळ्यात विहिरीत पडून माणूस गेला, त्यांनी अर्जच केला नाही, दोन लाख गेले. त्याची बायको तिसऱ्या रांगेत होती. मी तिच्याकडे बघत होतो, तू स्लाईडकडे. स्थानिक उदाहरण म्हणजे विहीर स्थानिक, मोटारीची उघडी वायर स्थानिक, ओढ्यावरचा निसरडा साकव स्थानिक. माणूस नाही. माणसाचं सांगायचं असेल तर आधी त्याच्या घरी जायचं, परवानगी मागायची, आणि घरचे नको म्हणाले तर चहा पिऊन गप परत यायचं.

शेवटी 'समजलं का?' असं ओरडलास. सगळे 'होऽऽ' म्हणाले. पहिलीच्या वर्गातसुद्धा पोरं असंच म्हणतात. विचारायचं असं: 'मावशी, समजा आज रात्री असं झालं, सकाळी तुम्ही पहिल्यांदा कुणाकडे जाल?' ती म्हणाली तलाठ्याकडे, तर चूक तिची नाही, तुझी. चौथं नाही, पहिलं चित्र पुन्हा हातात घ्यायचं.

गुरुवारी पुन्हा बैठक घ्यायची. तीन तक्ते आणि ते कॅलेंडर बुधवारी माझ्या टेबलावर. त्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन नियमात काही बदललंय का ते विचारून ये, फोनवर नको. आणि आज संध्याकाळी दोन घरी जायचंय. आधी त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईकडे. मग हिरव्या लुगड्यावालीकडे, तिला 'हो' सांगायला, आणि सुनेचं काय ते सांगायलाही. वही घरी ठेव. जा.