पिंड तीन, पानं तीनशे

कासू स्टेशनवरून गावात शिरताना विजेच्या खांबावर दर महिन्याला नवा फलक दिसतो. वर ‘प्रथम पुण्यस्मरण’, मध्ये फोटो, खाली दहा-बारा शोकाकुल नावं आणि सर्वांत खाली, ‘दुपारी १२ ते ४ महाप्रसाद’. पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही उतरा, हेच दिसेल. माझा आक्षेप आठवणीला नाही. ज्या शास्त्राचं नाव घेऊन हा खर्च होतो, त्या शास्त्रातला दिवस आपण नीट बघत नाही आणि त्यात नसलेली पंगत मात्र कर्ज काढून उठवतो. आक्षेप त्याला आहे.

आधी दिवसाचं बोलू. वार्षिक श्राद्ध इंग्रजी तारखेला नसतं, मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू होती त्या तिथीला असतं. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे जायला लागणारा वेळ. तो कधी एकोणीस-वीस तासांत संपतो, कधी सव्वीस तास घेतो. त्यामुळे तिथी मध्यरात्री बदलत नाही, दिवसात कधीही बदलते. दिनदर्शिकेच्या चौकोनात मात्र सूर्योदयाची तिथी छापलेली असते. आमचे वडील संध्याकाळी गेले आणि त्या दिवशीची तिथी दुपारीच संपली होती. आम्ही चौकोनातलं नाव वाचून मोकळे झालो आणि पुढची चार वर्षं एक दिवस आधी पिंड ठेवत राहिलो. एका जाणत्या गुरुजींनी मृत्यूची वेळ विचारली तेव्हा चूक कळली. म्हणून घरात कुणी गेलं की वहीत तारखेबरोबर घड्याळातली वेळही लिहून ठेवा. दाखल्यावर तारीख नक्की असते, वेळ असेलच असं नाही.

दुसरी चूक दरवर्षी होते. ती समजावी म्हणून सर्वांना ठाऊक असलेली तिथी घेऊ. विनोबा भावे आपल्याच पेण तालुक्यातले, गागोदे बुद्रुकचे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी सकाळी पवनारला त्यांनी देह ठेवला. तो दिवाळीचा दिवस, आश्विन अमावास्या. (उत्तरेकडचा माणूस हीच अमावास्या कार्तिकातली म्हणेल, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो. नात्यातलं कुणी तिकडे गेलं असेल तर वद्य पक्षातल्या महिन्याचं नाव तपासून घ्यावं.) विनोबा आजन्म ब्रह्मचारी, त्यांचं श्राद्ध कोण घालणार हा प्रश्नच नाही, आपल्याला फक्त दिवस काढायचा आहे.

वार्षिक श्राद्धाची वेळ अपराह्ण. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच सारखे भाग केले की चौथा भाग तो अपराह्ण. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे तो साधारण दुपारी दीड ते पावणेचारच्या थोडं पुढे येतो. ज्या दिवशी या वेळेत आपली तिथी असेल तो श्राद्धाचा दिवस, आणि दोन्ही दिवशी असेल तर जिथे जास्त वेळ असेल तो. २०२५ साली आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमाराला लागली आणि २१ला संध्याकाळी सहाच्या आत संपली. २०ला अपराह्णाची जेमतेम चार-सहा मिनिटं तिच्या वाट्याला आली, २१ला पूर्ण अपराह्ण. म्हणून दिवस २१. पण २०२६ साली तीच अमावास्या ८ नोव्हेंबरला सकाळी साडेअकराच्या आसपास लागते आणि ९ला दुपारी साडेबाराला संपते. सूर्योदयाला अमावास्या आहे ती ९ तारखेला, पण श्राद्ध ८ला. चौकोन बघून ९ला बसलेल्या माणसाचा पिंड प्रतिपदेला पडेल.

एका वर्षात २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबर कसा आला, असंही कुणी विचारेल. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते. २०२६ला ज्येष्ठ अधिक आला की महिनाभर पुढे जाते. आपल्या माणसाचा महिनाच अधिक आला, तर वार्षिक श्राद्ध साधारणपणे निज महिन्यात करतात.

मग तिथीच माहीत नसेल तर? मुंबईला गिरणीत गेलेला आणि परत न आलेला आजोबा कित्येक घरांत आहे. काशीनाथ उपाध्यायांचा १७९०च्या सुमाराचा ‘धर्मसिंधु’ ही सोय सांगतो: महिना ठाऊक असेल तर त्या महिन्याची अमावास्या धरावी. सुतक आलं तर ते फिटल्यावर करावं. म्हणजे ग्रंथ जिथे अडचण आहे तिथे वाकतो. आपण वाकतो ते भलतीकडेच. रविवार मिळावा, हॉल मिळावा, पुढारी यावा म्हणून तिथी हलवतो आणि जेवणावळीत मात्र एक पदार्थ कमी करायची हिंमत होत नाही.

आता द्यायचं काय. मूळ सामग्री बघितली तर आपल्या खाडीकाठच्या कोणत्याही घरात ती निघेल: शिजवलेल्या भाताचे तीन पिंड, वडील, आजोबा, पणजोबा यांच्या नावाने, काळे तीळ, दर्भ, तूप, मध, आणि अंगठा व तर्जनीच्या मधून सोडलेलं पाणी. त्यानंतर खीर, वडे, आमसुलाची चटणी, एखाददुसरी भाजी. जेवायला किती जण? मनुस्मृती (जिच्याशी माझं पुष्कळ ठिकाणी भांडण आहे) इथे साफ सांगते: देवकार्याला दोन आणि पितृकार्याला तीन, किंवा दोन्हीकडे एकेकच, आणि श्रीमंतानेही हा आकडा वाढवू नये, कारण गर्दी झाली की आदरसत्कार, जागा, वेळ, शुद्धता आणि योग्य माणूस यांपैकी काहीच नीट राहत नाही. तीनशे पानांच्या मांडवात हे पाचही मोडताना आपण बघतोच.

स्वयंपाक जमत नसेल तर आमान्न श्राद्ध आहे: तांदूळ, डाळ, तूप, गूळ असा कोरडा शिधा. तेही नसेल तर हिरण्यश्राद्ध, म्हणजे ऐपतीप्रमाणे दक्षिणा. विष्णुपुराण त्याच्याही खाली उतरतं: काही नसेल तर गाईला गवताची पेंडी घालावी, तीही नसेल तर रानात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि पितरांना सांगावं की माझ्याजवळ धन नाही, माझ्या भक्तीनेच तृप्त व्हा. ज्या धर्मात रिकामे हात चालतात, त्या धर्माच्या नावावर सोसायटीतून कर्ज काढणाऱ्याला पुण्य कुठून लागणार?

कुणाला जेवू घालायचं, याचं उत्तरही जुनं आहे. पैठणला श्राद्धाचा स्वयंपाक तयार असताना एकनाथांनी तो दारात आलेल्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, ही आख्यायिका आपण कीर्तनात ऐकून मान डोलावतो. घरी मात्र पहिलं पान मानकऱ्याचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला तो भटजीची मध्यस्थी टाळून घरच्यांनीच विधी करावेत, हेही सांगायला. कासूला दीडशे वर्षांनी एवढं जड जाऊ नये.

एक गोष्ट पटकन सांगून टाकतो. मुलगा नसला की पुतण्या शोधत हिंडतात. निबंधकारांनी मुलाच्या अभावी पत्नीला आणि मुलीलाही अधिकारी म्हटलं आहे. आणि मुलगा असला तरी, ज्या मुलीने शेवटचे सहा महिने बापाचं अंथरूण सावरलं तिने श्राद्धाच्या दिवशी फक्त वडे तळावेत, हे मला मान्य नाही.

आमच्याकडे या वर्षी फलक लागला नाही, पत्रिका निघाली नाही. दुपारी दोनला ताईने पिंड ठेवले, शिधा आदिवासी वाडीवरच्या एका म्हातारीला पोचवला, आणि घरात पाच पानं मांडली. एक चुलते न जेवता गेले.