पिल्लू पळालं

सातपूरच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारे दोघे बिहारी भाऊ आमच्या गल्लीत एका खोलीत राहत. मराठी दोघांनाही शिकायची होती. थोरल्याने बाजारातून जाडजूड पुस्तक आणलं आणि विभक्तीचे तक्ते पाठ केले. प्रथमेपासून संबोधनापर्यंत तो घडाघडा म्हणून दाखवी, पण वाण्यापुढे उभं राहिलं की साखर मागतानाही अडखळे.

धाकटा एकदा भाडं द्यायला घरमालकीण काकूंकडे गेला. त्यांची नात पहिलीत. ती ओट्यावर चित्रांचं पुस्तक घेऊन बसली होती. त्याने सहज डोकावलं. लिपी तर ओळखीचीच, म्हणून मोठ्याने वाचलं, "आई आली." आणि थबकला. हिंदीत ‘आई’ म्हणजेच ‘आली’. मग आली कोण? चित्रात एक बाई पिशवी घेऊन दारात उभी होती आणि मूल तिच्याकडे धावत होतं. त्याला कळलं. कुणी अर्थ सांगितला नाही, कोश उघडावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने काकूंकडे तेच पुस्तक मागितलं. थोरला म्हणाला, "अरे, ये तो बच्चों की किताब है!" धाकट्यालाही संकोच वाटला, पण त्याने पुस्तक परत केलं नाही.

त्याची रीत हळूहळू ठरत गेली. आधी मजकुराकडे न बघता फक्त चित्रं चाळायची आणि काय चाललंय ते मनात आपल्या भोजपुरीत सांगायचं. मग छोकरी वाचणार आणि तो चित्रावर बोट ठेवणार. मग त्याने वाचायचं. शेवटी तळहाताने मजकूर झाकून चित्र बघत मराठीत गोष्ट सांगायची. अडलं की हात उचलून बघायचं. एक पुस्तक आठवडाभर चाले. गोष्ट तोंडपाठ झाली तरी तो सोडत नसे. त्या वयाच्या पुस्तकांत एकच वाक्य पानोपानी परत येतं, बदलतो एखादाच शब्द. मांजर झाडावर, झाडाखाली, झाडामागे. ‘झाड’चं ‘झाडा’ होतं हे थोरल्याला तक्त्याने सांगितलं होतं. धाकट्याच्या ते कानात बसलं, आणि कारखान्यात तो आपसूक ‘टेबलाखाली’ म्हणाला.

खरी अडचण तिसऱ्या लिंगाची. हिंदीत दोनच लिंगं असल्याने तो ‘तेल सांडला’, ‘काम झाला’ म्हणे. आता बालपुस्तकांत बघा: पिल्लू, कोकरू, वासरू, फुलपाखरू, बाळ. सगळी नपुंसकलिंगी, आणि सगळी सारखी काहीतरी करत असतात. पिल्लू पळालं, दूध सांडलं, बाळ रडलं. त्या ‘-लं’चा नाद शंभर वेळा कानावर पडला तेव्हा त्याची जीभ आपोआप वळली. नियम त्याला आजही सांगता येत नाही.

सगळीच पुस्तकं मात्र कामाची नव्हती. अक्षरतक्त्यातून नुसती नावं मिळाली, वाक्य एकही नाही. बडबडगीतांत यमकासाठी शब्दांची जागा बदललेली, त्यामुळे तसं बोलायला गेला की वाक्य उलटंपालटं होई. जिथे चित्र आणि वाक्य एकच गोष्ट सांगतात तीच पुस्तकं त्याला शिकवत. म्हणून माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या, स्वतःच लिहिणाऱ्या आणि स्वतःच चित्रं काढणाऱ्या लेखिकेची पुस्तकं अशा माणसाच्या हाती मी आधी देईन. काकूंकडची पुस्तकं संपली तेव्हा छोकरीच्या बाईंनी त्याला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर सांगितलं. तिथे मराठी गोष्टी फुकट आहेत आणि प्रत्येकीवर पातळीचा आकडा असतो. तो जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पहिल्या पातळीची एखादी गोष्ट वाची. पानावर दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अडले, तर ती गोष्ट पुढच्या महिन्यासाठी ठेवून देई.

एक उणीव मात्र उघडी पडली. गोष्टींतली मुलं आणि प्राणी एकमेकांना ‘तू’ म्हणतात. एकदा त्याने वयस्कर फोरमनना विचारलं, "तू कुठे चाललास?" ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला. संध्याकाळी त्याने काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, मोठ्यांना ‘कुठे चाललात’ म्हणायचं. ‘बस’ नाही, ‘बसा’. ‘थांब’ नाही, ‘थांबा’." त्या रात्री त्याने आख्खं पुस्तक पुन्हा सांगितलं, पण पिल्लाच्या जागी फोरमन धरून. छोकरी पोट धरधरून हसली, आणि चुकलं की टोकत राहिली.

पावसाळ्यातली गोष्ट. दुसऱ्या पाळीत मशीनखालच्या ट्रेमधून तेल बाहेर आलं होतं. फोरमन हातातला कागद वाचत तिकडेच निघाले होते. थोरला त्यांच्या जवळ उभा होता. तो तोंड उघडून शब्द शोधत राहिला. धाकटा लांबून ओरडला, "थांबा दादा, तिकडे तेल सांडलंय!"

फोरमन जागच्या जागी थांबले.

घरी परतताना थोरल्याने विचारलं, "वो बिल्ली वाली किताब अब किसके पास है?"

"माझ्याकडेच आहे," धाकटा म्हणाला. "उशीखाली."