आपत्तीच्या बातमीवर काय बोलावे?

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. अशी बातमी ऐकून कुणी थट्टा करतो, कुणी ‘हा अल्लाहचा अजाब’ असा निकाल देऊन मोकळा होतो. तो निकाल देण्याइतके ज्ञान आपल्याजवळ आहे काय? ढिगाऱ्याखाली दबून मरण पावणाऱ्या मोमिनाला तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शहीदांत गणले. पुत्र इब्राहीम (रजि.) यांच्या निधनाच्या दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोकांनी दोहोंचा संबंध जोडला, तेव्हा स्वतः शोकाकुल असूनही प्रेषितांनी तो स्पष्टपणे नाकारला.

दोषींची चौकशी अवश्य व्हावी. मात्र ती पुराव्यानिशी. केवळ संशयावरून कुणाचे नाव घेणे हा बोहतान ठरू शकतो.

मग बोलावे काय? मुअताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करण्यास सांगितले, कारण दुःखामुळे त्यांना स्वयंपाकाचे भान नव्हते. आपल्या शब्दांचेही मोजमाप हेच असावे. मृतांच्या आप्तांना सब्र आणि जखमींना शिफा मिळो, अशी दुआ करावी. रक्त, अन्न वा निवारा देता येत असेल, तर तेवढेच नेमके सांगावे. याहून अधिक सुचत नसेल, तर मौन बरे.