रात्री आलेल्या तक्रारीला सकाळचं उत्तर

रात्री साडेनऊला मुख्याध्यापिकेच्या फोनवर एका आईचा संदेश येतो. ‘माझ्या मुलाने काहीही केलेलं नसताना त्याला सगळ्या वर्गासमोर चोर ठरवलं. पूर्ण तास उभं केलं. तो जेवलासुद्धा नाही. तुमच्या शिक्षिकांना मुलं आवडतच नसतील तर त्यांनी हा पेशा सोडावा.’ असा संदेश ज्यांनी कधी वाचला आहे त्यांना ठाऊक असेल की मनात पहिलं उत्तर शेवटच्या वाक्याला तयार होतं. ‘आमच्या बाई वीस वर्षं शिकवताहेत,’ वगैरे. आणि घोडचूक होते ती इथेच, कारण बाई किती वर्षं शिकवताहेत हे आईने विचारलेलंच नसतं.

त्या संदेशात चार प्रकारच्या गोष्टी एका दमात आल्या आहेत. दोन घटना आहेत, म्हणजे चोर ठरवलं आणि तासभर उभं केलं. त्या तपासता येतात. मूल जेवलं नाही ही घरातली गोष्ट, ती शाळेने तपासायची नसते, मानायची असते. मुलाने काही केलं नव्हतं हा निष्कर्ष आहे आणि बाईंना मुलं आवडत नाहीत हा राग आहे. रागाला युक्तिवादाने उत्तर द्यायला गेलं की घटना बाजूला पडतात, आणि आईला वाटतं, शाळा काहीतरी लपवते आहे.

त्या रात्री पाठवायचं ते एवढंच: ‘संदेश वाचला. त्याने जेवण टाकलं हे वाचून वाईट वाटलं. उद्या मी बाईंशी आणि त्याच्याशी बोलते आणि संध्याकाळी पाचच्या आत तुम्हांला लिहून कळवते.’ यात ना माफी आहे, ना बचाव. काय झालं हेच माहीत नसताना मागितलेली माफी दुसऱ्या दिवशी मागे घ्यावी लागली, तर आधीपेक्षा जास्त दुखावते. पाच वाजता म्हटलं की पाच वाजता, मग उत्तर अर्धवट का असेना. आणि हे आईच्या फोनवरच, वर्गाच्या ग्रुपवर नाही. तिने ग्रुपवर लिहिलं असलं तरी नाही.

सकाळी चौकशी. इथे प्रश्न कसा विचारला यावर बरंच अवलंबून असतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांची चित्रफीत दाखवली आणि वेग विचारला. प्रश्नात गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद होतं, तेव्हा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला. नुसत्या ‘टेकल्या’ अशा अर्थाचं होतं, तेव्हा सुमारे ३२. ही मोठी, कॉलेजातली मुलं होती. मग घरी ‘बाई तुला खूप ओरडल्या का रे?’ असं विचारल्यावर अकरा वर्षांचं पोर ‘हो’ म्हणालं तर त्याला खोटं म्हणता येत नाही, पण त्या ‘हो’वर पत्रही लिहिता येत नाही. हाच नियम शिक्षकांनाही लागू आहे. ‘तुम्ही काही फार बोलला नाहीत ना?’ हा प्रश्नसुद्धा उत्तर हातात ठेवूनच विचारलेला असतो. दोघांनाही वेगवेगळं बसवून म्हणायचं, ‘तास सुरू झाला तिथपासून सांगा,’ आणि गप्प राहायचं. वर्गातल्या मुलांना एकत्र उभं करून साक्ष घेऊ नये. पहिला जे सांगतो तेच बाकीचे सांगतात, आणि त्या मुलाची दुसऱ्यांदा शोभा होते.

मग वह्या. आपल्या प्रसंगात भांडण सहावीच्या गणिताच्या गृहपाठाचं होतं. पाच षष्ठांश अधिक तीन अष्टमांश. लसावि २४, बेरीज २० आणि ९, उत्तर २९/२४. एका बाकावरच्या दोन्ही मुलांच्या वह्यांत २८/२४ होतं. बाईंनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि या मुलाला म्हणाल्या, ‘ढापून आणलंस.’ सारखी चूक दिसल्यावर शंका येणं अगदी स्वाभाविक. पण सारख्या चुकीवरून कुणीतरी उतरवलं एवढंच कळतं. कुणी कुणाचं, ते कळत नाही. या मुलाच्या वहीत समासात कच्चं काम आहे, खोडाखोड आहे, आणि २० अधिक ९ जिथे चुकलं ती जागा दिसते. दुसऱ्या वहीत नुसतं उत्तर. म्हणजे आरोप उलटा लागला होता.

उभं करण्याचं मात्र आईने लिहिलं तसं नव्हतं. वह्या तपासणं तासाच्या शेवटी झालं होतं, आणि घंटा होईपर्यंत तो आपल्या जागेवर उभा होता. हे बाईंनी सांगितलं आणि मुलानेही स्वतंत्रपणे तेच सांगितलं.

आता पत्र. माझ्या मते त्यात शाळेच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सर्वांत आधी यावी. आधी ‘तासभर उभं केलेलं नाही’ असं लिहिलं की पुढचं आई वाचतच नाही.

‘सप्रेम नमस्कार. काल म्हटल्याप्रमाणे मी बाईंशी आणि आपल्या मुलाशी वेगवेगळं बोलले आणि त्याची वही पाहिली. त्याने गृहपाठ स्वतः केला होता, हे वहीतल्या कच्च्या कामावरून स्पष्ट दिसतं. त्याने उतरवून आणलं, असं त्याला वर्गासमोर म्हटलं गेलं. ते चुकीचं होतं. बाईंनी आज सकाळी त्याला तसं सांगितलं आहे, आणि उद्या गणिताच्या तासाला वर्गातही सांगणार आहेत. त्याला उभं केलं होतं हे खरं आहे. तपासणीपासून घंटेपर्यंत तो जागेवर उभा होता. तो वेळ पूर्ण तासाचा नव्हता, असं दोघांनीही सांगितलं. बाईंचा आवाज किती चढला होता याबद्दल दोघांचं म्हणणं वेगळं आहे, आणि मी तिथे नव्हते. यापुढे दोन वह्या सारख्या दिसल्या तर वर्गात न बोलता तासानंतर विचारायचं, असं आम्ही ठरवलं आहे. आपल्याला भेटून बोलायचं असेल तर शुक्रवारी तीननंतर मी शाळेत आहे.’

पत्रात दुसऱ्या मुलाचा उल्लेख नाही. आई विचारणार, ‘मग उतरवलं कुणी?’ त्याला उत्तर एकच: त्या मुलाबद्दल त्याच्या पालकांशीच बोलता येईल. ‘तुमचा मुलगा तसा बडबड्याच आहे’ हेही नाही. ते खरं असेल, पण त्याची तक्रार आधी केली नसेल तर आज केलेली बदल्यासारखी वाचली जाते. आणि ‘आपल्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर दिलगीर आहोत’ हे वाक्य तर कार्यालयाच्या संगणकातून पुसूनच टाकावं. त्यात चूक कुणाचीच नसते, दुखणं तेवढं आईचं असतं.

आईने संदेशात कायद्याचं नाव घेतलं तर बिचकू नये. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घालतं. मानसिक छळ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या कायद्यात नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत मात्र अपमानकारक विशेषणं लावून बोलण्याचा समावेश आहे. म्हणून ‘नुसतं बोललो, हात कुठे लावला?’ हा स्टाफरूममधला जुना बचाव पत्रात चालत नाही. वर्गात ‘ढापून आणलंस’ म्हणणं त्या कलमात बसतं की नाही यावर पत्रातून वाद घालायला मुख्याध्यापिका न्यायाधीश नाही. तिने घडलं ते लिहावं.

सगळ्यात अवघड भाग आईला पत्र पाठवण्याच्या आधीचा. ते बाईंना वाचायला द्यावं लागतं. त्यांना हे पत्र प्रथम आईच्या मोबाइलवरून फिरत आलेलं दिसलं तर त्या पुन्हा कधी खरं सांगणार नाहीत. बाई म्हणतात, ‘मॅडम, तेवढं “चुकीचं होतं” नको, “गैरसमज झाला” लिहा ना.’ ही मागणी समजण्यासारखी आहे, पण मान्य करू नये. वही आईनेही पाहिलेली असणार. त्याऐवजी बाईंना एक गोष्ट देता येते. वर्गात काय आणि कसं सांगायचं ते त्यांनी स्वतः ठरवावं, आणि त्या वेळी मुख्याध्यापिकेने वर्गाच्या दाराशीही येऊ नये.