बिलात नसलेले तास

पुण्याहून कोल्हापूरला दोन दिवसांसाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवली की एजन्सीवाला हिशोब साधारण असा सांगतो: किलोमीटरला 14 रुपये, दिवसाला किमान 300 किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता रोज 400, टोल आणि पार्किंग वेगळं. म्हणजे गाडी कितीही कमी फिरली तरी 8,400 आणि भत्त्याचे 800 ठरलेले. खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी हे चार नाके जाता-येता लागतात. ते पैसे गाडीच्या फास्टॅगमधून कापले जातात आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर येतो. तो मागून बघायला संकोच नको.

किमान किलोमीटरची अट अनेकांना लूट वाटते, पण ती तशी नाही. गाडी पन्हाळ्याच्या पायथ्याशी उभी असली तरी बँकेचा हप्ता, विमा आणि कर थांबत नाहीत, आणि त्या दिवशी ती दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. 300 किलोमीटर हे त्या अडकलेल्या दिवसाचं भाडं आहे.

घोटाळा होतो तो आपल्या मनात. कोल्हापूरला जाऊन-येऊन 460 किलोमीटर, पन्हाळा-जोतिबा धरून फार तर 520. पैसे मात्र 600 चे दिलेले. मग दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी हिशोब मांडतो, "ऐंशी किलोमीटर शिल्लक आहेत, नृसिंहवाडी करून टाकू!" किलोमीटर पदरात पडतात, पण त्यात ड्रायव्हरचे दोन-तीन तास जातात आणि त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

या व्यवहारात गाडी मोजली जाते किलोमीटरवर, टोल नाक्यावर आणि माणूस मात्र दिवसाच्या ठोक रकमेवर. त्याचा पंधरावा तास आपल्याला फुकट पडतो, आणि फुकटची वस्तू आपण जपून वापरत नाही. पहाटे पाचला आपल्या दारात उभा राहायला तो साडेतीनला उठलेला असतो. महालक्ष्मीचं दर्शन, दुपारी पन्हाळा, रात्री तांबडा-पांढरा, आणि दहा वाजता आपण लॉजवर उतरतो. आपल्याला वाटतं, त्यानं गाडी सात-आठ तासच तर चालवली. पण मधले तास झोपेचे नव्हते. पार्किंग शोधण्यात आणि "पाच मिनिटांत येतो" या फोनची वाट बघण्यात ते गेले. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं सर्वसाधारणपणे दिवसाला 8 तास काम आणि विश्रांती धरून सगळा दिवस 12 तासांच्या आत, अशी मर्यादा घातली. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्याबाहेरच राहिला.

400 रुपयांत दोन वेळचं जेवण आणि चहा निघतो, खोली निघत नाही. त्यामुळे बहुतेक ड्रायव्हर सीट मागे पाडून गाडीतच झोपतात. दुसऱ्या दिवशी खंबाटकी घाटात आपलं कुटुंब त्याच झोपेच्या भरवशावर असतं.

सर्वांत वाईट घडतं ते परतीच्या रात्री. अनेक एजन्सी दिवस तारखेनुसार मोजतात आणि किलोमीटर व वेळ गॅरेजपासून गॅरेजपर्यंत धरतात. बाराच्या पुढे पाच मिनिटं झाली तरी तिसरा दिवस लागू शकतो, म्हणजे आणखी 4,200 आणि भत्ता. साताऱ्यातच दहा वाजलेले असले की मागच्या सीटवरून आवाज येतो, "दादा, जरा दाबा ना." दादा दाबतातही, कारण उशिराचा वाद शेवटी त्यांच्याच अंगावर येणार असतो. खरं तर ते 4,200 रुपये वाचवायची वेळ दुपारी कोल्हापुरात होती. तीनला निघालो असतो तर जेवण आणि वाहतूक कोंडी धरूनही रात्री दहापर्यंत गाडी गॅरेजला लागली असती. निघायला उशीर आपण करायचा आणि त्याची भरपाई त्यानं वेगानं करायची, हा सौदा कुणीच कागदावर लिहून देणार नाही.

म्हणून गाडी ठरवताना दराबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. दिवस तारखेनं मोजता की चोवीस तासांनी? भत्ता ड्रायव्हरच्या हातात पडतो की मालकाकडे जातो? रात्री तो कुठे झोपणार? तिसऱ्याचं उत्तर "गाडीत" असेल, तर लॉज ठरवतानाच ड्रायव्हरसाठी खोली किंवा कॉट आहे का ते बघावं, आणि नसेल तर तेवढे पैसे आपल्या खर्चात धरावेत. ते परवडत नसतील तर सहल एका ठिकाणानं कमी करावी. ज्याच्या हातात आपण स्टेअरिंग दिलं, त्याच्या झोपेत काटकसर करायचा अधिकार आपल्याला कुठल्याही दरपत्रकानं दिलेला नाही.