वार्या काय शोधते आहे?

अंतोन चेखवच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’च्या चौथ्या अंकात एक प्रवेश आहे, जेमतेम दोन-तीन मिनिटांचा. इस्टेट विकली गेली आहे, सामान बांधून झालं आहे, गाडीची वेळ होत आली आहे. मालकीणबाई रानेव्स्काया व्यापारी लोपाखिनला सांगतात की माझ्या वार्याला आता तरी मागणी घाल. वार्या त्यांची मानलेली मुलगी, घराच्या किल्ल्या सांभाळणारी. या दोघांचं लग्न होणार असं लोक दोन वर्षं म्हणत आले आहेत. लोपाखिन तयार होतो. म्हणतो, आत्ताच्या आत्ता उरकून टाकू. पण तुम्ही गेल्यावर माझ्याच्यानं ते व्हायचं नाही. बाई वार्याला आत पाठवतात. दोघं बोलतात, आणि मागणी काही घातली जात नाही. का?

हा प्रवेश वाचून झाला की बहुतेकांचं उत्तर तयार असतं: लोपाखिन लाजाळू आहे. पण लाजाळूपणा हा स्वभाव झाला. हेतू शोधायचा तर प्रश्न वेगळा पडतो: या क्षणी हे पात्र समोरच्याकडून काय घडवून आणू बघतंय, किंवा काय टाळू बघतंय? उत्तर क्रियापदात यायला हवं. आणि त्या एका क्रियापदानं प्रवेशातलं प्रत्येक वाक्य, प्रत्येक हालचाल उलगडायला हवी. एक जरी रंगसूचना बाहेर राहिली तरी उत्तर कच्चं समजावं.

आधी वार्याकडे बघू, कारण ती सोपी आहे. ती येण्याआधी दाराआड दाबलेलं हसू आणि कुजबुज ऐकू येते. म्हणजे आपल्याला आत का ढकललंय हे तिला ठाऊक आहे, आणि तिला ते ठाऊक आहे हे लोपाखिनलाही कळलं आहे. आत येऊन ती काय करते? बराच वेळ सामान न्याहाळते. काहीतरी सापडत नाही म्हणते. काय, असं तो विचारतो, तर आपणच ठेवलं आणि आठवत नाही असं मोघम उत्तर देते. वस्तूचं नाव नाही. मध्येच पुन्हा, पेटीत तर ठेवलं नाही ना, असं स्वतःशीच. लोपाखिन निघून गेल्यावर तो शोध ती पुढे चालू ठेवत नाही. जमिनीवर बसते आणि कपड्यांच्या गाठोड्यावर डोकं टेकून हळूच रडते. शोधायचं खरंच काही असतं तर ती पुन्हा त्याकडे वळली असती. शोध हे खोलीत थांबण्याचं निमित्त होतं.

संवाद सांगतो, ती वस्तू शोधते आहे; रंगसूचनांचा क्रम सांगतो, ती त्याला बोलायला वेळ देते आहे. दोन्हींत ताण आला की कौल हालचालींना द्यावा, असं माझं मत. पात्र बोलताना समोरच्याला काहीतरी पटवत असतं, शरीराला तेवढी उसंत नसते. तिच्या थांबण्याचं कारणही नाटकातच आहे. आपण होऊन त्याला विचारता येत नाही, हे तिनं तिसऱ्या अंकात बोलून दाखवलं आहे.

आता संवाद. या संभाषणात चेखवनं चार वेळा ‘पॉझ’ लिहिला आहे, आणि माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. प्रत्येक शांतता कोण मोडतं ते बघा. पहिली लोपाखिन मोडतो: तुम्ही आता कुठे जाणार? मागणी घालायला निघालेल्या माणसाचा हाच पहिला प्रश्न असेल. ती सांगते, रागुलिनांकडे, घर सांभाळायला. याहून मोठं दार ती उघडू शकत नाही. परक्याच्या घरी चाकरीला चालले आहे, याचा अर्थ न कळण्याइतका तो अडाणी नाही. पण तो अंतराचा हिशेब करतो: ते गाव सत्तरेक व्हर्स्ट पडेल, म्हणजे आपले पंचाहत्तर किलोमीटर. दुसरी शांतताही तोच मोडतो, या घरातलं जगणं संपलं म्हणून. ती तेच शब्द परत करते, म्हणजे दार उघडंच ठेवते. मग तो आपल्या कामांकडे वळतो, खार्कोवला निघालोय वगैरे, आणि शेवटी हवेवर येतो: तीन अंश थंडी आहे. ती म्हणते, मी पाहिलं नाही.

इथे तिसरी शांतता. ही मात्र तो मोडत नाही. ती मोडते, आणि म्हणते की आमचा थर्मामीटर फुटलाय. हे वाक्य नुसतं वाचलं तर विषय तोडणारं आहे. पण पॉझनंतर आलंय, आणि तेही तिच्या तोंडून. तापमान पाहिलं नाही म्हटल्यावर विषय संपला होता. तिला फक्त एवढंच नको होतं की शांततेतच सगळं संपावं. हातात होतं ते तिनं टाकलं. तालमीत हे वाक्य रागानं म्हणून बघा, रडवेलं म्हणून बघा, दोन्ही फसतं. संभाषण जगवायला म्हटलं की बसतं.

चौथी शांतता दोघांपैकी कुणीच मोडत नाही. अंगणातून लोपाखिनला हाक येते. चेखवची सूचना अशी की तो जणू या हाकेची कधीपासून वाट पाहत असल्यासारखा ओ देतो आणि झटकन बाहेर पडतो.

लाजाळू माणसाचा अंदाज इथे कोसळतो. बोलायचं आहे पण धीर होत नाही, असा माणूस हाक आली की अडखळेल, दारात एकदा वळेल. याला सुटका मिळाली आहे. मग त्याला हे करायचंच नव्हतं का? तसंही म्हणता येत नाही. पहिल्या दोन शांतता त्यानंच मोडल्या होत्या. दोन्हींत बसणारं उत्तर मला एकच दिसतं: तो रानेव्स्कायांना दिलेला शब्द पाळू बघत होता. शब्द त्यांच्यासाठी होता, वार्यासाठी नाही. म्हणूनच तुम्ही गेल्यावर जमणार नाही असं तो आधीच बोलून गेला होता. दोन प्रयत्न झाले, आतून काही आलं नाही, मग सन्मानानं निसटायचं एवढंच उरलं.

यापलीकडचं ‘का’ मात्र हा प्रवेश सांगत नाही. पहिल्या अंकात लोपाखिन आठवण काढतो की बापानं थोबाडीत मारून नाक फोडलं तेव्हा याच बाईंनी त्याला घरात नेऊन समजावलं. त्या आपल्याला नात्यापेक्षा जवळच्या वाटतात असंही म्हणतो. तेव्हा त्याचं मन तिकडे आहे असं कुणी मांडलं तर आधार आहे, पण तो आधार बाहेरचा, आणि तसं सांगूनच वापरायला हवा. बापजाद्यांच्या मालकांच्या घरातली मुलगी करून घ्यायचा संकोच, हाही तर्क टिकतो. ‘त्याला फक्त पैसा कळतो’ हा टिकत नाही. चेखवनं १९०३ मध्ये स्तानिस्लाव्हस्कींना पत्रातून बजावलं होतं की लोपाखिन सर्वार्थानं सभ्य माणूस आहे, आणि वार्यासारखी गंभीर मुलगी पैशाच्या पिशाचावर प्रेम करणार नाही. पत्र हाती नसतं तरी पहिल्या दोन शांततांनी हेच सांगितलं असतं.

काढलेला हेतू पुढच्या पानांवर तपासता येतो. थोड्या वेळानं निघायच्या गडबडीत वार्या गाठोड्यातून छत्री उपसते, जणू कुणावर उगारल्यासारखी, आणि लोपाखिन घाबरल्याचं सोंग करतो. तुम्ही लोपाखिनला झुरणारा प्रेमिक ठरवला असेल, तर हे सोंग त्याला कसं करायला लावणार?