आधी येईल त्याला

पाममधल्या आमच्या आळीत घरोघरचे जुने पण धडके कपडे गोळा केले आणि दर नगाला २० रुपये ठेवून विकायचं ठरलं. फोटोंखालचा मजकूर मी लिहिला: ‘कपडे चांगल्या स्थितीत, सर्व साईज, आधी येईल त्याला.’ सकाळी नऊला तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. अकरापर्यंत चांगले नग संपले होते.

साडेतीनला एक बाई आल्या. तारापूर एमआयडीसीत सात ते तीनची पाळी. रसायनांच्या कारखान्यांत आगीच्या भीतीने फोन बहुधा गेटवरच ठेवावा लागतो, त्यामुळे फोटो त्यांनी तीननंतर पाहिले. मुलासाठी उरलेली एक पँट त्यांनी नेली. लेबलवर ३४ होतं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, कारण कमरेला बसेना. टेबलावर सपाट ठेवून मोजली तर साडेपंधरा इंच भरली, म्हणजे कंबर ३१. धुऊन आटली होती, की आधीच्या मालकाने आत घेतली होती, कोण जाणे. लेबल वाचून मी साईज सांगितला होता, मोजून नाही. वीस रुपये परत केले, पण त्यांची एक फेरी फुकट गेली ती गेलीच.

‘आधी येईल त्याला’ हा नियम सरळ वाटतो. पण सकाळी नऊला ज्याच्या हातात फोन आहे तोच आधी येतो. पहिल्या पाळीचा माणूस तेव्हा कारखान्यात असतो आणि रातपाळीचा नुकताच झोपलेला. नियम सगळ्यांना एकच होता, पण वेळ मी माझ्या सोयीची निवडली होती. ही माझी चूक होती.

पुढच्या खेपेचा मजकूर असा लिहिला, आणि तो आदल्या रात्री टाकला:

‘निळा शर्ट. छाती सपाट २१ इंच, म्हणजे पूर्ण घेर ४२. ३८ छातीच्या माणसाला सैलसर बसेल. कॉलर आतून विरलेली, खालचं एक बटण नाही, फोटो जोडला आहे. फोनवर नाव लावून ठेवणार नाही. अर्धे कपडे सकाळी ११ ते १, उरलेले अर्धे दुपारी ४ ते ६. एका घराला दोन नग. एकाच कपड्यावर दोघं आले तर चिठ्ठी. घालून बघायला आत खोली आहे. सुटे पैसे आणा.’

सकाळची वेळ दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांसाठी, दुपारची पहिल्या पाळीहून सुटणाऱ्यांसाठी. एका ओळीचा मजकूर लांबला, मोजायला एक संध्याकाळ गेली. पण त्या खेपेला एकही कपडा परत आला नाही. बटण नसलेला शर्टही गेला, कारण घेणाऱ्याला ते आधीच ठाऊक होतं.

कपडे देणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: पिशवी बांधण्याआधी झिप वर-खाली करून बघा, इलॅस्टिक ताणून बघा, काखेतला डाग उजेडात धरा. जे सापडेल ते चिठ्ठीवर लिहून कपड्याला टाचा.